काकांनी आंघोळ केव्हा सोडली?

ब्रिटनमध्ये वसलेल्या मराठी माणसाच्या संभाषणाचा अभ्यास केला, तर त्याचे दोन ठळक विभाग पडतात: पूर्वी आपल्याकडे काय काय होते हा पहिला, आणि इथल्या कशाकशाची अजून सवय झालेली नाही हा दुसरा. पहिल्या विभागात हापूस, घरकामाच्या मावशी, गच्चीवर तासाभरात वाळणारे कपडे आणि न कळवता टपकणारे पाहुणे यांचा समावेश होतो. दुसऱ्यात डिसेंबर महिन्यात दुपारी चारच्या आत मावळणारा सूर्य, एकाच बेसिनवर एक चटका देणारा आणि एक हाडे गोठवणारा असे दोन स्वतंत्र नळ, न्हाणीघरात बटणाच्या जागी लोंबणारी दोरी, आणि कोणत्या वारी कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा दारात ठेवायचा याचे पंचांग येते. 1932 साली स्थापन झालेल्या आणि आज डॉलिस हिल भागात स्वतःची वास्तू असलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात ही चर्चा मराठीतून चालते, तोवर कोणाच्याही केसाला धक्का लागत नाही. खरा धोका सुरू होतो तो बाहेरच्या बसथांब्यावर, कारण या दोन्ही विभागांसाठी इंग्रजीने जवळजवळ एकच शब्दसमूह नेमून दिलेला आहे, आणि त्याच्या आधी एक चिमुकला शब्द आला की नाही यावर सगळा अर्थ इकडचा तिकडे होतो.

तो शब्दसमूह म्हणजे ‘यूस्ट टू’. तो एकटाच आला आणि त्याच्यामागे क्रियापदाचे मूळ रूप आले, तर ‘पूर्वी असे घडत असे, आता घडत नाही’ असा अर्थ होतो. त्याच्या आधी ‘बी’ या क्रियापदाचे ‘अ‍ॅम, इज, वॉज’ यांपैकी एखादे रूप बसले, तर ‘सवय आहे’ किंवा ‘सवय होती’ असा अर्थ होतो, आणि ‘बी’च्या जागी ‘गेट’ बसले, तर ‘सवय होणे’ ही प्रक्रिया सांगितली जाते. या घरात ‘वुड’ नावाचा एक तिसरा भाडेकरूही राहतो. तोही जुन्या सवयी सांगतो, पण त्याच्या अटी वेगळ्या आहेत आणि त्याचे इतर धंदेही बरेच असल्याने त्याच्याकडे स्वतंत्रपणे पाहावे लागेल.

मराठी शाळेत ‘यूस्ट टू’ची ओळख करून देताना फळ्यावर बहुधा एकच शब्द लिहिला जातो, ‘सवय’, आणि पुढच्या सगळ्या अनर्थांचे मूळ त्या एका शब्दात आहे. विद्यार्थी प्रामाणिकपणे असे समजतो की जिथे सवय तिथे ‘यूस्ट टू’. पुढे पन्नास वर्षांनी तोच विद्यार्थी निवृत्त होऊन, मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर रेडिंग किंवा स्लाउ इथे येतो, कुंपणापलीकडच्या इंग्रज शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून आपल्या दिनचर्येची माहिती देऊ लागतो, आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव बदलू लागतात.

“आय यूज टू टेक बाथ एव्हरी मॉर्निंग,” असे काका अभिमानाने सांगतात.

“ओह,” शेजारी नकळत एक पाऊल मागे सरकतो. “अँड… नाऊ?”

“नाऊ ऑल्सो!” काका म्हणतात, आणि त्यामुळे परिस्थिती आणखीच गूढ होते.

काकांना सांगायचे होते की ते रोज सकाळी आंघोळ करतात. शेजाऱ्याने ऐकले ते असे की एके काळी हा गृहस्थ रोज आंघोळ करीत असे, परंतु ते दिवस आता राहिले नाहीत. व्याकरणाचे काटेकोर पंडित येथे असे नमूद करतात की ‘आता तसे नाही’ हा अर्थ ‘यूस्ट टू’च्या शब्दांत कोरलेला नसून फक्त ध्वनित असतो, म्हणजे पुढे ‘आणि अजूनही करतो’ असे जोडून तो रद्द करता येतो. ते खरेही आहे. पण तो मुद्दाम रद्द करीपर्यंत ऐकणारा तोच अर्थ गृहीत धरून चालतो, आणि इंग्रज शेजारी सभ्य असल्यामुळे पुढचा प्रश्न न विचारता नुसते हवामानाकडे वळतो, म्हणून तो रद्द करण्याची संधी सहसा मिळतच नाही.

शेजाऱ्याच्या बाबतीत नुकसान फक्त अब्रूचे होते. दवाखान्यात ते कागदोपत्री होते. इंग्लंडमध्ये चाळीस ते चौऱ्याहत्तर या वयोगटातल्या लोकांची दर पाच वर्षांनी एक आरोग्यतपासणी होते, आणि तीत वजन, रक्तदाब यांच्याबरोबर मद्यपानाचीही चौकशी होते, कारण आठवड्याला चौदा युनिटच्या वर नियमितपणे जाऊ नये असा तिथला सल्ला आहे. इथे स्थायिक असलेल्या एखाद्या साठीच्या काकांना परिचारिकेने हा प्रश्न विचारला, की संवाद साधारण पुढीलप्रमाणे होतो.

“आय यूज टू टेक टू पेग्ज, ओन्ली सॅटरडे,” काका संकोचून कबुली देतात.

“वेल डन!” परिचारिका मनापासून अभिनंदन करते. “व्हेन डिड यू स्टॉप?”

“स्टॉप?” काका दचकतात. “डॉक्टर हॅज टोल्ड टू स्टॉप?”

संगणकावर तोवर ‘पूर्वी घेत असत’ या रकान्यात खूण झालेली असते. शेजारी बसलेल्या काकूंना इंग्रजी फारसे येत नसले तरी ‘वेल डन’ कळते, आणि घरी परतताना “अहो, तुम्ही सोडलीत, आणि मला सांगितलंतही नाही?” हा प्रश्न येतो. येत्या शनिवारी काय करायचे, हा पेच मग व्याकरणाच्या कक्षेबाहेर जातो.

नेहमीच्या, आजही चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीत साधा वर्तमानकाळच पुरतो. फार तर त्यात ‘नेहमी’ या अर्थाचा ‘यूझ्वली’ घालावा. पण साधा वर्तमानकाळ मराठी माणसाला अपुरा वाटतो, कारण मराठीत ‘घेतो’ आणि ‘घेत असतो’ यांत फरक आहे आणि दुसऱ्यात सवयीचा जो ठसका आहे तो पहिल्यात नाही. ‘घेत असतो’साठी इंग्रजीत काहीतरी भरगच्च हवे म्हणून हात ‘यूस्ट टू’कडे जातो, जे वास्तविक ‘घेत असे’चे भाषांतर आहे. ‘असतो’ आणि ‘असे’ यांच्यामधली ती एवढीशी दरी ओलांडताना काकांची आंघोळ, शनिवारची संध्याकाळ आणि क्वचित प्रसंगी बायकोवरचे प्रेमही भूतकाळात जमा होते.

काकांच्या बचावासाठी दोन गोष्टी सांगता येतील. पहिली ऐतिहासिक आहे. ‘यूज’ या क्रियापदाला जुन्या इंग्रजीत ‘वहिवाट असणे’ असाही अर्थ होता आणि काही शतकांपूर्वीपर्यंत ‘यूज टू’ वर्तमानकाळातही खुशाल चालत असे. पुढे वर्तमानकाळातले रूप झडून गेले आणि भूतकाळातले तेवढे शिल्लक राहिले. म्हणजे काका चुकत नाहीत, ते फक्त उशिरा पोहोचले आहेत, आणि शेक्सपिअरच्या काळात आले असते तर त्यांच्या आंघोळीविषयी कोणीही शंका घेतली नसती. (त्या काळी रोज आंघोळ करतो म्हटल्यावर शंका वेगळ्याच कारणाने आली असती, पण तो प्रश्न निराळा.)

दुसरी गोष्ट ध्वनीची आहे, आणि ती अधिक उपयोगाची आहे. इंग्रजीत ‘वापरले’ या अर्थाचा आणि ‘सवय’ या अर्थाचा शब्द लिहायला अगदी एकच असला, तरी उच्चार दोन आहेत. वापरण्याच्या अर्थी तो ‘यूझ्ड’ असा गुणगुणत बोलला जातो, तर सवयीच्या आणि जुन्या वहिवाटीच्या अर्थी ‘यूस्ट’ असा सकारयुक्त, कोरडा. शिवाय ‘यूस्ट’च्या शेवटचा ‘ट’ आणि ‘टू’चा पहिला ‘ट’ एकमेकांत विरघळून ‘यूस्टू’ असा एकच घोट होतो, त्यामुळे तो भूतकाळ आहे हे सांगणारा शेवटचा वर्ण कानावर पडतच नाही. तो ऐकू येत नाही म्हणूनच ‘यूज टू’ असे वर्तमानकाळी रूप असावे असा समज बळावतो, आणि खुद्द इंग्रज मुलेही निबंधात तो वर्ण सर्रास गाळतात. ‘डिड’ आल्यानंतर मात्र तो वर्ण गाळणेच योग्य समजले जाते, कारण भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने उचललेले असते, ‘पूर्वी घेत नसे’ म्हणताना ‘डिडन्ट यूस टू’ असे लिहावे, हा प्रचलित नियम. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येत असल्याने ही चूक फक्त कागदावर पकडली जाते, म्हणून ज्याला अक्षरांची धास्ती आहे त्याने हा विषय तोंडी उरकावा.

उच्चारातला हा भेद माहीत नसला, की सार्वजनिक ठिकाणच्या पाट्याही भलतेच बोलू लागतात. एखाद्या सभागृहाच्या मागच्या दारावर ‘धिस रूम इज यूझ्ड टू स्टोअर चेअर्स’ अशी पाटी असते. ‘बी’चे रूप आधी आले म्हणजे सवय, हा नुकताच पाठ केलेला नियम काका तत्परतेने लावतात आणि “या खोलीला खुर्च्या ठेवून घेण्याची सवय झालेली आहे,” असे काकूंना समजावतात. काकू म्हणतात, “मग आपल्या बाळ्याच्या खोलीलाही झालीच आहे की.” पाटीचा खरा अर्थ ‘ही खोली खुर्च्या ठेवण्यासाठी वापरली जाते’ इतकाच आहे, आणि तो ओळखण्याची खूण अशी की येथे ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप आले आहे. सवयीच्या ‘बी यूस्ट टू’नंतर मूळ रूप येऊच शकत नाही, तिथे नाम लागते किंवा क्रियापदाला ‘इंग’ जोडून केलेले नामासारखे रूप लागते.

हा ‘इंग’ म्हणजे या विषयातला सर्वांत जुनाट दुखणेकरी. ‘आय अ‍ॅम यूस्ट टू वेक अप अर्ली’ हे वाक्य तर्खडकरांच्या पुस्तकांवर पोसलेल्या पिढीपासून आजच्या संगणक अभियंत्यांपर्यंत सगळे बोलतात, आणि ‘टू’नंतर मूळ रूपच येते असे शाळेत शंभरदा घोकल्याचा दाखला देतात. वस्तुस्थिती अशी की इथला ‘टू’ हा क्रियापदाचा मदतनीस नाही. तो नामाच्या आधी लागणारा संबंधदर्शक शब्द आहे. हे इंग्रजीतून समजावले की डोके भणभणते, पण गंमत अशी की मराठी माणूस हा नियम आपल्या भाषेत जन्मापासून पाळत आलेला आहे. ‘लवकर उठ सवय’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. ‘लवकर उठण्याची सवय’ असेच म्हणतो, म्हणजे ‘उठणे’ या क्रियापदाचे आधी नाम करतो आणि मगच त्याला सवय जोडतो. तेव्हा मनातल्या मराठी वाक्यात ‘-ण्याची सवय’ उमटली, की इंग्रजीत ‘बी’ किंवा ‘गेट’ आणि शेवटी ‘इंग’. आणि मनात ‘-त असे’ किंवा बोलीतले ‘-यचो, -यचा’ उमटले, की एकटा ‘यूस्ट टू’ आणि मूळ रूप. ‘मी पाचला उठायचो’ आणि ‘मला पाचला उठण्याची सवय आहे’ यांत कोणताही मराठी माणूस झोपेतही गफलत करीत नाही, आणि पाचला उठणाराच जिथे करीत नाही, तिथे इंग्रजीत जाऊन करण्याचे काही कारण नाही.

अडचण एवढीच की मराठीत माणूस ‘मला’ होऊन एका कडेला बसतो आणि वाक्याची मालकी सवयीकडे असते, तर इंग्रजीत माणूसच वाक्याचा मालक असतो आणि सवय त्याच्या अंगावर विशेषणासारखी चिकटते. ही अदलाबदल विसरली, की जानेवारीच्या वाऱ्यात काकू शेजारणीला सांगतात, “द कोल्ड इज नॉट यूस्ट टू मी.” याचा अर्थ ‘थंडीला अजून माझी सवय झालेली नाही’ असा होतो. शेजारीण क्षणभर विचार करते आणि गंभीरपणे उत्तर देते, “गिव्ह इट टाइम, डिअर.” काकूंना उत्तर बरोबर वाटते, शेजारणीला प्रश्न समजला असे वाटते, आणि थंडी आपल्या जागी राहते.

‘बी’ आणि ‘गेट’ यांच्या शिकवणीचा एक जगप्रसिद्ध नमुना आहे. रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे 1985 साली प्रथम निघालेले पुस्तक इंग्रजी शिकणाऱ्या निम्म्या जगाच्या कपाटात असते, आणि त्यात हा पाठ एका अमेरिकन बाईच्या उदाहरणाने समजावला आहे: ती ब्रिटनला येते, तिला रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय नसते, हळूहळू होते, आणि शेवटी झालेली असते. रचनेच्या दृष्टीने उदाहरण निर्दोष आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने ते संपूर्ण निरुपयोगी आहे, कारण तो जन्मापासून डाव्या बाजूने गाडी चालवतो, निदान तशी त्याची कागदोपत्री भूमिका असते. मराठी माणसाला ब्रिटनमध्ये ज्याची सवय करावी लागते ती बाजूची नव्हे. ती हॉर्न न वाजवण्याची. वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायचा नाही असा तिथला वाहतुकीचा नियमच आहे, आणि दिवसाही तो वाजवला तर आसपासचे लोक कोणाला तरी अपघात झाला असावा अशा नजरेने पाहतात. पुण्यातून मिल्टन कीन्झला आलेला चालक, जिथे दर दोन मिनिटांनी एक वाटोळा चौक समोर येतो, तिथे पहिले काही आठवडे अंगठा आवरत थांबतो. त्याची स्थिती वर्णावी तर ‘गेटिंग यूस्ट टू नॉट हॉन्किंग’, म्हणजे न वाजवण्याची सवय होत आहे. यात ‘नॉट’ हा ‘इंग’च्या आधी बसतो, हे सूज्ञांनी लक्षात घ्यावे. ‘यूस्ट टू हॉन्क’ हा त्याचा पुण्यातला भूतकाळ झाला. सुट्टीत घरी गेला की तोच भूतकाळ विमानतळाबाहेरच्या पहिल्या सिग्नलला वर्तमान होतो, आणि त्यासाठी कोणतीही विशेष रचना लागत नाही.

आता ‘वुड’. तिघांत सर्वांत सुबक आणि सर्वांत खोडकर असे त्याचे वर्णन करता येईल. इंग्रजीत तो विनंतीत येतो, ‘जर-तर’च्या कल्पनेत येतो, औदार्य दाखवताना येतो, आणि फावल्या वेळात जुन्या सवयीही सांगतो. त्यामुळे काळाचा संदर्भ न देता एकदम ‘वुड’ने तोंड उघडले, की ऐकणारा त्याचा सर्वांत सोयीचा अर्थ घेतो. एखादी मावशी होळीच्या आठवणीने सद्गदित होऊन पलीकडच्या बाईला म्हणते, “आय वुड मेक फॉर्टी पुरणपोळीज.” तिला म्हणायचे असते, ‘मी तेव्हा चाळीस पोळ्या करायची.’ पलीकडून आनंदाचा चीत्कार येतो, “ओह, वुड यू रिअली? सॅटरडे वुड बी परफेक्ट!” मावशी शुक्रवारी रात्री डाळ शिजत घालते.

हा घोटाळा टाळण्याची रीत कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला नव्याने शिकवण्याची गरज नसावी. आपल्या कहाणीत आधी आटपाट नगर होते, त्या नगरात कोणी एक राहत असे, आणि एवढे सांगून झाल्यावरच तो रोज पहाटे उठे, नदीवर जाई, पूजा करी. ‘उठे, जाई, करी’ या रूपांना शालेय व्याकरणात रीती भूतकाळ म्हणतात, म्हणजे पूर्वीची रीत सांगणारा काळ. कहाणी एकदम ‘तो नदीवर जाई’ने सुरू केली तर मुले ‘कोण? केव्हा?’ असे विचारतील. इंग्रजी ‘वुड’ हा असाच दुसऱ्या वाक्यापासून रंगात येणारा कलावंत आहे: आधी साध्या भूतकाळाने किंवा ‘यूस्ट टू’ने पडदा उघडायचा, काळ आणि जागा मांडायची, आणि मग त्याने एकेक कृती सांगत जावे. उलट प्रत्येक वाक्यात ‘यूस्ट टू’ ठोकत राहिले, तर वाक्ये चुकत नाहीत, पण ऐकणाऱ्याला जात्यावरचे दळण ऐकल्यासारखे वाटते.

‘वुड’ची दुसरी अट अशी की त्याला पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट लागते, कायम टिकून असलेली स्थिती त्याला पेलत नाही. इथे मात्र मराठी मदतीला येत नाही, किंबहुना तीच घात करते, कारण मराठीत ‘जायचो’ही चालते आणि ‘अंगणात एक फणस असायचा’ हेही चालते. परीक्षेच्या एका उत्तरातून हे स्पष्ट होईल. परदेशी शिक्षण-नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या आयेल्ट्स या परीक्षेच्या तोंडी भागात एक चिठ्ठी मिळते, एक मिनिट विचाराला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला दिली जातात. चिठ्ठीवर ‘लहानपणची एखादी जागा’ असा विषय निघाला आणि सांगलीची एखादी उमेदवार, ‘वुड’ने गुण वाढतात असे शिकवणीत ऐकल्यामुळे, त्याचा सढळ हाताने वापर करू लागली, असे समजू.

तिचे पहिले वाक्य ‘आय वुड लिव्ह इन सांगली’. राहणे ही स्थिती, म्हणून इथे ‘यूस्ट टू लिव्ह’ हवे. शिवाय काळ न सांगितल्याने परीक्षक ‘संधी मिळाली तर सांगलीत राहीन’ असा अर्थ लावून तिच्याकडे सहानुभूतीने पाहतो. दुसरे वाक्य ‘एव्हरी मे वुई वुड गो टू मालवण’ हे उत्तम, कारण दर मे महिन्यात जाणे ही आवर्ती कृती आहे. तिसऱ्यात आजीच्या घरापुढच्या खळ्यात ‘देअर वुड बी अ जॅकफ्रूट ट्री’ येते आणि परीक्षकासमोर असा फणस उभा राहतो जो मुले आली की उगवतो आणि जूनमध्ये परत जातो. कायम उभ्या झाडाला ‘देअर यूस्ट टू बी’ लागते. मात्र पुढे तिने पडवीत दर खेपेला फणस कापून मांडलेले असायचे असे सांगताना ‘देअर वुड बी’ वापरले, तर ते अगदी योग्य ठरेल, कारण ते फणस प्रत्येक खेपेला नव्याने येतात आणि संपतात. तेव्हा ‘असणे’ या क्रियापदाशी ‘वुड’चे वैर आहे असे शिकवणारे शिक्षक निम्मेच खरे सांगतात, प्रश्न क्रियापदाचा नसतो, स्थिती येते-जाते की ठाण मांडून बसते याचा असतो.

तिचे चौथे वाक्य आकड्यावर घसरते: ‘वुई यूस्ट टू गो देअर इलेव्हन टाइम्स’. ‘यूस्ट टू’ आणि ‘वुड’ या दोघांनाही हिशेब आवडत नाही. किती खेपा गेलो, किती वर्षे राहिलो हे मोजून सांगायचे झाले, की साधा भूतकाळ येतो: ‘वेंट’, ‘लिव्ड’. एकदाच घडलेल्या गोष्टीलाही तोच. मामाने घर विकले ते एकदाच, म्हणून ‘ही यूस्ट टू सेल द हाऊस’ म्हटले, तर मामा दरवर्षी तेच घर विकत असे असे होते, आणि कोकणातल्या जमिनींच्या व्यवहारांविषयी थोडी माहिती असलेला परीक्षक त्यावर विश्वासही ठेवू शकतो. शेवटी ती ‘आय वॉज यूस्ट टू स्लीप ऑन द फ्लोअर’ म्हणून थांबते. जमिनीवर झोपण्याची सवय होती, म्हणजे ‘-ण्याची सवय’, म्हणजे ‘स्लीपिंग’. एका ‘इंग’साठी नापास कोणी करीत नाही, पण ‘वॉज’ गाळून नुसते ‘यूस्ट टू स्लीप’ म्हटले असते, तर तेच वाक्य बिनचूक ठरले असते, हे कळल्यावर होणारा संताप मोठा असतो.

राहता राहिला वाक्याच्या शेपटीला लागणारा तो छोटा प्रश्न, ज्याशिवाय ब्रिटनमध्ये हवामानावर बोलता येत नाही. मराठीत ‘ना?’ किंवा ‘हो ना?’ एवढ्यात सगळे भागते. इंग्रजीत शेपूट वाक्याच्या धडाप्रमाणे बदलते. एकट्या ‘यूस्ट टू’ची शेपूट ‘डिडन्ट’: ‘यू यूस्ट टू लिव्ह इन दादर, डिडन्ट यू?’ ‘बी’ असलेल्याची शेपूट त्या ‘बी’चीच: ‘यू आर यूस्ट टू द रेन, आरन्ट यू?’ शेपटीवरून धड ओळखण्याची ही पक्की खूण आहे, आणि ऐकताना मधला ‘आर’ निसटला तरी शेवटच्या ‘आरन्ट यू’वरून प्रश्न सवयीचा होता हे कळते. काकांना ही खूण समजावून सांगितल्यावर त्यांनी ती वहीत उतरवून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी बसथांब्यावर तिची कसोटी लागली.

“यू आर यूस्ट टू अवर वेदर बाय नाऊ, आरन्ट यू?” शेजाऱ्याने विचारले.

“येस, आय डिड,” काका म्हणाले, आणि मग चूक ध्यानात येऊन त्यांनी घाईने दुरुस्ती केली, “आय वुड.”

लंडनच्या शाळेत शिकणाऱ्या नातवाने हे ऐकले आणि आजोबांना सांगितले की तिकडची मुले धड कोणतेही असो, एकच शेपूट लावतात: ‘इनिट’. ‘यूस्ट टू’ला तीच, ‘बी’ला तीच, ‘वुड’लाही तीच. काकांनी वही मिटली. सुनेचे म्हणणे असे की तेव्हापासून ते वाचनालयातल्या बाईंशीही तसेच बोलतात, आणि बाईंना अजून त्याची सवय व्हायची आहे.